आयएनआर थांबला, क्रिएटिनिनकडे बघा: रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आणि किडनीचं गणित

एक आजी डोळ्यांसमोर आणा. वय ७९, वजन ५२ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, १.१. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसलं आहे. या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा. तो टाळण्यासाठी आजींना रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची आहे आणि ती बहुधा आयुष्यभर चालणार आहे.

काही वर्षांपूर्वी इथे निवडीचा प्रश्नच नव्हता. वॉरफरिन द्यायचं, आणि दर थोड्या दिवसांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी करून डोस खालीवर करायचा. आता डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान आणि एडॉक्साबान अशा चार नव्या गोळ्या आहेत. त्या देताना घरच्यांना हमखास सांगितलं जातं, "याला सारखं रक्त तपासावं लागत नाही." हे खरंच आहे. फक्त त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. वॉरफरिनचा परिणाम किती होतोय हे आयएनआरमध्ये दिसायचं, त्यामुळे डोस चुकला तर पुढच्या रिपोर्टात उघडं पडायचं. नव्या गोळ्यांचा परिणाम आपण मोजत नाही. वय, वजन आणि किडनी बघून तो अमुक इतका असेल असं धरून चालतो. हे धरणंच चुकलं, तर ते सांगणारा रिपोर्ट कुठलाच येत नाही.

म्हणून आजींच्या तीन आकड्यांवरून डोस कसा ठरतो ते नीट बघू. त्याआधी थोडं वॉरफरिनबद्दल.

वॉरफरिनला आयएनआर का लागतो

रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यांतली चार, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाची, पूर्ण होण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर पुन्हा ताजं करून वापरतं. वॉरफरिन हे ताजं करणंच अडवतं. पण रक्तात आधीपासून फिरत असलेल्या प्रथिनांना ते हात लावत नाही; ती आपापल्या वेळेने संपावी लागतात. सातव्या क्रमांकाचं निम्मं प्रथिन साधारण सहा तासांत संपतं, तर दुसऱ्या क्रमांकाचं निम्मं संपायला अडीच-तीन दिवस जातात. म्हणूनच वॉरफरिनचा खरा परिणाम यायला पाचेक दिवस लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आयएनआर वाढलेला दिसला तरी त्यावर विसंबायचं नसतं, कारण तेव्हा फक्त सातव्या क्रमांकाचं प्रथिन कमी झालेलं असतं.

वॉरफरिन माणसागणिक फार वेगळं वागतं. कुणाला रोज २ मिलिग्रॅम पुरतं, कुणाला १० मिलिग्रॅमनेही भागत नाही. जनुकं, जेवणातल्या पालेभाज्या, अँटिबायोटिक, ताप, दारू, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. त्यामुळे नेमका डोस आधी सांगता येत नाही. गोळी द्यायची, आयएनआर बघायचा आणि तो २ ते ३ च्या मध्ये राहील असा डोस शोधायचा. कटकट आहे खरी, पण या कटकटीत एक सोय दडलेली होती: औषध कमी पडतंय की जास्त होतंय, हे रुग्णालाही आकड्यात कळायचं. शिवाय वॉरफरिनचा निचरा यकृत करतं, किडनीवर त्याचा फारसा भार नसतो.

नव्या गोळ्या व्हिटॅमिन केच्या वाटेला जातच नाहीत. रक्तात तयार असलेल्या एकाच प्रथिनाला त्या थेट धरतात. डॅबिगाट्रान थ्रॉम्बिनला धरतं. बाकीच्या तिन्ही गोळ्या त्याच्या आधीच्या पायरीवरच्या दहाव्या क्रमांकाच्या प्रथिनाला. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत परिणाम शिगेला पोचतो आणि किडनी ठीक असेल तर साधारण बारा तासांत औषध निम्म्यावर येतं. अन्नाचा हस्तक्षेप कमी, माणसामाणसांतला फरकही कमी. त्यामुळे ठरावीक डोस सगळ्यांना देऊन बघणं शक्य झालं. २००९ ते २०१३ या काळात चारही औषधांच्या मोठ्या चाचण्या वॉरफरिनच्या तुलनेत झाल्या. लकवा टाळण्यात ती वॉरफरिनच्या बरोबरीची किंवा थोडी सरस ठरली, आणि मेंदूतला रक्तस्राव ढोबळमानाने निम्म्यावर आला. माझ्या मते या गोळ्यांच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. आयएनआरची सुई वाचते हा त्यामानाने किरकोळ फायदा.

किडनीचा वाटा

औषध शरीरात किती साठेल हे दोन गोष्टींवर ठरतं: किती आत येतंय आणि किती बाहेर जातंय. तळाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडला की पाणी एका पातळीवर येऊन स्थिरावतं. भोक अर्धं बुजलं आणि नळ तसाच ठेवला तर पातळी चढते. गोळीचा डोस हा नळ, आणि किडनी हे त्या भोकांपैकी एक.

किती मोठं भोक, हे औषधागणिक बदलतं. डॅबिगाट्रानचा जवळपास ८० टक्के निचरा किडनीतून होतो. एडॉक्साबानचा ५० टक्के, रिव्हारोक्साबानचा सुमारे एक तृतीयांश, अपिक्साबानचा साधारण २७ टक्के. म्हणजे किडनी मंदावली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त साठतं ते डॅबिगाट्रान. अपिक्साबानला त्यामानाने कमी फरक पडतो, कारण त्याला बाहेर पडायला इतर वाटा आहेत. चारही गोळ्या एकाच गटातल्या म्हणून त्या एकमेकींच्या जागी सहज चालतील, असं मानण्यात इथेच फसगत होते.

आता आजींचं गणित. त्यांच्या लॅब रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली 'ईजीएफआर ५१' असं छापलेलं आहे. डोस ठरवताना मात्र हा आकडा वापरायचा नसतो. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेलं एक जुनं सूत्र आहे, त्यातून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते ते, काढायचा. १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोमधल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन एवढ्याने भागा. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा.

आजींच्या बाबतीत १४० वजा ७९ म्हणजे ६१. गुणिले ५२ म्हणजे ३,१७२. खाली ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२. भागाकार साधारण ४०, आणि ०.८५ ने गुणल्यावर ३४. मिनिटाला ३४ मिलिलिटर.

रिपोर्टवर ५१ आणि हाताने ३४. दोन्ही आकडे त्याच रक्ताच्या नमुन्यातले. फरक पडतो तो वजनामुळे. ईजीएफआरच्या सूत्रात वजन येतच नाही. एका ठरावीक आकाराच्या शरीरात ही किडनी किती काम करेल, ते तो सांगतो. किडनीच्या आजाराची पायरी ठरवायला तो चांगला आहे. पण आजी त्या ठरावीक शरीरापेक्षा बऱ्याच लहान आहेत. क्रिएटिनिन १.१ पाहून "जवळपास नॉर्मल आहे" असं वाटतं, तेही फसवं असतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि कृश म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी असल्याने किडनी बरीच मंदावली तरी आकडा फार चढत नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे काही निर्दोष सूत्र नाही. पण या गोळ्यांच्या चाचण्यांमध्ये किडनी बघून कुणाला वगळायचं किंवा कमी डोस द्यायचा हे ठरवताना मुख्यतः तेच वापरलं गेलं. डोसच्या मर्यादा त्या सूत्रावर बेतलेल्या आहेत, तेव्हा मोजपट्टीही तीच हवी.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. रिव्हारोक्साबानचा नेहमीचा डोस दिवसातून एकदा २० मिलिग्रॅम. क्लिअरन्स ५० च्या खाली असेल तर १५. छापील ५१ वर भरवसा ठेवला असता तर आजींना २० ची गोळी लागली असती. हिशोबाने १५ ची येते.

एडॉक्साबान ६० ऐवजी ३० मिलिग्रॅम बसेल, आणि तेही दोन कारणांनी: क्लिअरन्स १५ ते ५० मध्ये आहे आणि वजन ६० किलो किंवा त्याहून कमी आहे. यांतलं एकही कारण पुरेसं होतं. डॅबिगाट्रान युरोपात ३० च्या खाली देतच नाहीत. आजी ३४ वर आहेत, म्हणजे नियमात बसतात. तरी मी असतो तर इथे डॅबिगाट्रानच्या वाटेला गेलो नसतो. काठावर उभ्या असलेल्या किडनीला एक जुलाबाचा आजार पुरतो, आणि ज्या औषधाचा चार पंचमांश भार तिच्यावर आहे ते अशा वेळी अंगाशी येतं.

अपिक्साबानची तऱ्हा वेगळी. तिथे तीन अटी बघतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. तीनपैकी कुठल्याही दोन लागू झाल्या तर डोस ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम, दोन्ही बाबतींत दिवसातून दोनदा. आजींचं वजन कमी आहे, पण वय ७९ आणि क्रिएटिनिन १.१. एकच अट लागू झाली, म्हणून पूर्ण ५ मिलिग्रॅम.

नेमकं इथे अनेकांचं मन कचरतं. इतक्या बारीक आजी, वय ऐंशीला टेकलेलं, कशाला पूर्ण डोस, २.५ च देऊ, रक्तस्राव तरी होणार नाही. असे 'जपून' दिलेले छोटे डोस प्रत्यक्षात फार आढळतात. ज्यांना नियमाने कमी डोस बसत नाही त्यांना तो दिल्यावर काय होतं, हे निरीक्षणातून तपासलं गेलं आहे: रक्तस्रावात फारसा फायदा दिसत नाही आणि लकव्यापासूनचं संरक्षण मात्र घटू शकतं. शिवाय वॉरफरिन कमी पडलं तर आयएनआर १.४ वगैरे येऊन ते कळायचं तरी. अपिक्साबान कमी पडलं तर कळतं ते थेट लकवा आल्यावर.

गंमत म्हणजे याच आजींना ८० पूर्ण झाली की वय आणि वजन अशा दोन अटी लागू होतात आणि डोस नियमाप्रमाणे २.५ वर येतो. एका वाढदिवसाने शरीरात काही बदलत नाही हे उघड आहे. पण मूळ चाचणीत हीच रेघ आखली होती, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे ज्या डोसचा अनुभव आहे तोच द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. ऐंशीच्या आसपासच्या रुग्णाच्या फाइलवर ही तारीख ठळक लिहून ठेवावी, कारण ती आपणहून कुणाच्या लक्षात येत नाही.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. हे सगळे आकडे एट्रियल फिब्रिलेशनचे आहेत. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर डोसची पद्धत वेगळी असते. अपिक्साबान पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोनदा देतात आणि वरच्या तीन अटी तिथे लावत नाहीत. काही मर्यादा देशोदेशीही थोड्या वेगळ्या आहेत. तेव्हा हे वाचून घरच्या घरी गोळी अर्धी करू नका. आपला क्लिअरन्स किती काढला होता, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

तपासणी नाही म्हणजे काय नाही

आयएनआर नाही, एवढंच. किडनीची तपासणी हवीच, आणि ती किती दिवसांनी करायची याचा एक सोपा ठोकताळा आहे: क्लिअरन्स ६० किंवा त्याखाली असेल तर त्याला १० ने भागा, तेवढ्या महिन्यांनी. आजींचे ३४, म्हणजे साधारण दर तीन महिन्यांनी. त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि अधूनमधून यकृताच्या तपासण्या. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर आतड्यात कुठेतरी झिरपतंय अशी शंका घ्यायची, जरी शौचाचा रंग बदललेला दिसला नाही तरी.

या वेळापत्रकाच्या मधे जे घडतं ते जास्त धोक्याचं. समजा आजींना तीन दिवस उलट्या-जुलाब झाले. पाणी पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली, पण गोळ्या मात्र नेमाने चालू, कारण "ही गोळी चुकवायची नाही" असं बजावलेलं आहे. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन २.० निघतं. सूत्रात घातलं तर क्लिअरन्स १९ च्या आत येतो. क्रिएटिनिन अजून चढतंच असेल तर खरी क्षमता याहूनही कमी असते, कारण रक्तातला आकडा किडनीच्या मागून धावत असतो. डॅबिगाट्रान चालू असेल तर निरोगी किडनीत तेरा-चौदा तासांत निम्म्यावर येणारं औषध इथे सत्तावीस तास घेतं. दर बारा तासांनी नवी कॅप्सूल आत येतेच आहे. दोन-तीन दिवसांत काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून अशा आजारपणात वाट न बघता फोन करायचा, त्याच दिवशी क्रिएटिनिन करून घ्यायचं, आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते त्यावर ठरू द्यायचं.

अशा वेळी कुणीतरी हटकून आयएनआर करून घेतं आणि तो १.२ आला की निर्धास्त होतं. आयएनआर वॉरफरिनसाठी बेतलेला आहे. अपिक्साबान रक्तात भरपूर असतानाही तो जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. रिव्हारोक्साबानने थोडा वाढतो, पण किती वाढला यावरून औषध किती आहे ते सांगता येत नाही. खरंच पातळी हवी असेल तर त्या त्या औषधासाठी जुळवून घेतलेली, दहाव्या क्रमांकाचं प्रथिन किती अडलंय ते मोजणारी अँटी-टेन-ए तपासणी लागते आणि ती मोजक्या ठिकाणीच होते. डॅबिगाट्रानसाठी थ्रॉम्बिन टाइम ही साधी तपासणी कामाची आहे: ती नॉर्मल आली तर रक्तात डॅबिगाट्रान नाही असं धरता येतं. ती वाढलेली आली तर मात्र किती आहे ते कळत नाही, कारण अगदी थोड्या औषधानेही ती भडकते.

रोजच्या वापरात आणखी दोन-तीन गोष्टी बिघडतात. रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर २० मधलं जवळपास दोन तृतीयांशच शोषलं जातं. डॅबिगाट्रानची कॅप्सूल गिळता येत नाही म्हणून फोडून दिली तर उलटं होतं, औषध अचानक खूप जास्त शोषलं जातं. आणि गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं, तर ते किडनीला दमवतं, पोटाचं अस्तर खरवडतं आणि प्लेटलेटही मंद करतं. एकाच गोळीत तिहेरी नुकसान. क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं या गोळ्यांचा परिणाम इतका कमी करतात की दोन्ही बरोबर देणं टाळतात.

डोस चुकण्याबद्दलही वॉरफरिनची सवय इथे चालत नाही. वॉरफरिनची एक गोळी राहिली तर आयएनआर थोडा हलतो, परिणाम दिवसभरात संपत नाही. नव्या गोळीचा परिणाम चोवीस तासांत बराचसा ओसरतो. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरली तर सहा तासांच्या आत आठवल्यास घ्यावी. दिवसातून एकदाची असेल तर बारा तासांच्या आत. त्यानंतर ती सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दुप्पट कधीच नाही. जो माणूस आठवड्यातून दोन-तीन गोळ्या हमखास विसरतो, त्याला आयएनआरचा त्रास नको म्हणून नवी गोळी देणं मला तरी पटत नाही.

रक्तस्राव झालाच तर

"वॉरफरिनला उतारा आहे, नव्या गोळ्यांना नाही," हे वाक्य अजूनही ऐकू येतं. सुरुवातीला ते खरं होतं. गंमत अशी की मेंदूतला रक्तस्राव निम्म्यावर आणणाऱ्या त्या चाचण्या झाल्या तेव्हा नव्या गोळ्यांना एकही खास उतारा बाजारात नव्हता. तरीही हिशोब त्यांच्याच बाजूने लागला.

वॉरफरिनचा उतारा दोन भागांचा आहे. व्हिटॅमिन के दिलं की यकृत पुन्हा प्रथिनं बनवू लागतं, पण शिरेतून दिलं तरी परिणामाला काही तास लागतात. घाई असेल तर तयार प्रथिनंच द्यावी लागतात. त्यांचं दाट मिश्रण म्हणजे पीसीसी. ते मिनिटांत काम करतं. जिथे ते नसेल तिथे प्लाझ्मा, पण त्याचं प्रमाण लिटरभरापर्यंत जातं आणि कमजोर हृदयाला तेवढं पाणी पेलत नाही.

नव्या गोळ्यांवर व्हिटॅमिन केचा काहीही उपयोग नाही. डॅबिगाट्रानसाठी इडारुसिझुमॅब हे औषध २०१५ मध्ये आलं. हा प्रतिपिंडाचा एक तुकडा आहे. डॅबिगाट्रान थ्रॉम्बिनला जितक्या घट्ट धरतं त्याच्या सुमारे ३५० पट घट्ट हा तुकडा डॅबिगाट्रानला धरतो, त्यामुळे औषध थ्रॉम्बिनला सोडून त्याला जाऊन चिकटतं. अडीच-अडीच ग्रॅमच्या दोन बाटल्या, मिळून ५ ग्रॅम, शिरेतून दिल्या की काही मिनिटांत परिणाम उतरतो. किडनी फारच खराब असेल तर रक्ताबाहेर शरीरात साठलेलं औषध काही तासांनी पुन्हा रक्तात येऊ शकतं, म्हणून त्या रुग्णावर नजर ठेवावी लागते. डॅबिगाट्रान डायलिसिसनेही काढता येतं. बाकीच्या तिघांना ते लागू नाही, कारण ती रक्तातल्या प्रथिनांना जास्त चिकटून असतात.

उरलेल्या तिघांची गोष्ट इतकी सरळ नाही. अँडेक्सानेट नावाचं औषध २०१८ मध्ये मान्य झालं. ते दहाव्या क्रमांकाच्या प्रथिनाची नक्कल आहे, पण गोठवण्याची क्षमता काढून घेतलेली. गोळीचं औषध खऱ्याऐवजी या नकलेला धरून बसतं आणि खरं प्रथिन मोकळं होतं. कल्पना सुरेख आहे. पण २०२४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यात ते नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरलं आणि त्याचवेळी गुठळ्यांचं प्रमाण वाढलं: नेहमीच्या उपचारात ५.६ टक्के, इथे १०.३ टक्के. मृत्यूंत फायदा दिसला नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात पीसीसीच वापरतात. ते गोळीचं औषध काढून टाकत नाही. गोठवणाऱ्या प्रथिनांचा साठा वाढवून त्याच्यावर मात करायचा प्रयत्न करतं. अनेकदा तेवढं पुरतं.

मात्र उतारा लागतो तो फार थोड्यांना. हिरड्यांतून रक्त, नाकातून घोळणा, कातडीवर निळे डाग अशा गोष्टींना एखादा डोस थांबवणं आणि जागेवर दाब देणं बहुधा पुरतं, कारण किडनी ठीक असेल तर दिवसभरात औषध आपोआप उतरतं. आकस्मिक विभागात म्हणूनच पहिला प्रश्न असतो, "शेवटची गोळी कधी घेतली?" सकाळी आठची गोळी आणि आता दहा वाजलेत, तर औषध शिगेला आहे, तोंडातून कोळशाची पूड देऊन पोटातलं उरलेलं औषध शोषून घेता येतं. काल रात्रीची गोळी आणि आता दुपारचे चार, तर बरंचसं ओसरलं आहे. दुसरा प्रश्न कुठली गोळी, कारण उतारा त्यावर ठरतो. तिसरा आकडा क्रिएटिनिनचा, कारण 'ओसरलं' हा अंदाज किडनीच्या भरवशावर आहे. नुसतं "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" एवढंच सांगितलं तर या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. खिशात किंवा पाकिटात गोळीचं नाव, डोस, घ्यायच्या वेळा आणि शेवटचं क्रिएटिनिन लिहिलेली चिठ्ठी असेल तर पंधरा-वीस मिनिटं वाचतात.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेतही हाच हिशोब येतो. किडनी चांगली असेल तर छोट्या शस्त्रक्रियेआधी साधारण एक दिवस आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी दोन दिवस गोळी थांबवतात. डॅबिगाट्रान आणि मंद किडनी अशी जोडी असेल तर तेच तीन-चार दिवसांवर जातं.

वॉरफरिन अजून कुणाला

हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल तर वॉरफरिनच. डॅबिगाट्रान तिथे वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि चाचणी मधेच थांबवावी लागली. पुढे अपिक्साबानच्या बाबतीतही चाचणी थांबवावी लागली. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली असेल तरीही वॉरफरिन. २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा हृदयरोग्यांमध्ये रिव्हारोक्साबानपेक्षा वॉरफरिनच्या गटातल्या औषधांवर मृत्यू कमी झाले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या वारंवार गुठळ्या करणाऱ्या आजाराच्या तीव्र प्रकारातही नव्या गोळ्या मागे पडल्या.

वॉरफरिनवरून नव्या गोळीवर जाताना वॉरफरिन आधी बंद करतात, पण नवी गोळी लगेच दुसऱ्या दिवशी सुरू करत नाहीत, कारण जुना परिणाम काही दिवस रेंगाळतो. आयएनआर उतरेपर्यंत थांबतात: अपिक्साबान आणि डॅबिगाट्रानसाठी २ च्या खाली, एडॉक्साबानसाठी २.५ पर्यंत, रिव्हारोक्साबानसाठी ३ च्या खाली. या मधल्या दिवसांत जुनी वॉरफरिनची पट्टी औषधांच्या डब्यातून काढून टाकावी. दोन्ही गोळ्या एकदम चालू राहिल्याने दवाखान्यात पोचलेले रुग्ण नवे नाहीत.